विषय: मध्यम लांबीच्या स्टील कॉलमला चुकीचं सूत्र लावल्याबद्दल तक्रार

व्यवस्थापक, तांत्रिक विभाग,

तुमच्या हेल्पलाइनचा फोन आत्ताच ठेवला. सोडवणूक काहीच झालेली नाही, म्हणून लेखी कळवतोय.

आमच्या अमेरिकी क्लायंटच्या जुन्या प्लॅटफॉर्मची तपासणी १९८९ च्या एआयएससी एएसडीनुसार चालू आहे. कॉलम दोन्ही टोकांना पिन, लांबी ४ मीटर, किमान r ५० मिमी, क्षेत्रफळ ६००० चौ. मिमी, यील्ड २५० एमपीए. म्हणजे KL/r = ८०. तुमचा प्रोग्रॅम परवानगीयोग्य भार ९६५ किलोन्यूटन देतो. हाताने काढला तर ६३८ येतो.

Cc = √(2π²E/Fy) म्हणजे इथे सुमारे १२६. ८० हा आकडा त्याच्या खाली आहे, तेव्हा पॅराबोलिक सूत्रच लागतं:

```
Fa = [1 − (KL/r)²/(2Cc²)]·Fy / FS
FS = 5/3 + 3(KL/r)/(8Cc) − (KL/r)³/(8Cc³)
```

FS १.८७, Fa १०६ एमपीए. तुम्ही मात्र ऑयलरचा ताण २३/१२ ने भागून १६१ दाखवता.

तुमच्या इंजिनिअरचं उत्तर असं: "सर, १६१ यील्डच्या खालीच आहे ना, मग सेफ आहे." मी म्हटलं, ऑयलरचा मूळ ताणच ३०८ येतोय, यील्डच्याही वर. स्टील तिथवर पोचणारच नाही. रोलिंगनंतर थंड होताना सेक्शनमध्ये ताण अडकून राहतात, त्यामुळे Fy/2 च्या पुढे इलॅस्टिक वागणं धरायचंच नाही, असं हे सूत्र मानतं. त्यावर ते म्हणाले, "सर, लांबी वाढवून बघा, आमचं उत्तर बरोबर येतं." येणारच! Cc ला दोन्ही सूत्रं, FS ने भागण्याआधी, १२५ एमपीएवर जुळतात आणि त्याच्या पुढे ऑयलरच लागतो. साइटवरचा कॉलम ४ मीटरचा आहे. तुमचं उत्तर जुळावं म्हणून तो लांब करायचा का? शेवटी त्यांनी मला "बेसिक थिअरी" वाचायला सांगितलं. तेवीस-चोवीस वर्षांच्या पोराकडून हे ऐकून घ्यायला आम्ही लायसन्सचे पैसे भरत नाही.

या कॉलमची नाममात्र ताकद सुमारे ११९६ किलोन्यूटन. ९६५ चा भार टाकला तर १.८७ चा सुरक्षा गुणांक १.२४ वर येतो. आकडा यील्डच्या खाली दिसतो, म्हणूनच कुणाला संशय येत नाही. हे मी फोनवरही सांगितलं होतं.

KL/r आणि Cc ची तुलना प्रोग्रॅममध्ये दुरुस्त करा, आणि तोवर सर्व ग्राहकांना लेखी इशारा द्या. पंधरा दिवसांत दोन्ही झालं नाही तर लायसन्सची रक्कम परत मागण्यासाठी ग्राहक आयोगात जाईन आणि हे गणित ओळखीच्या प्रत्येक डिझाइन ऑफिसला पाठवीन. इतकी वर्षं तुमच्या आउटपुटवर सही करत आलो, याचं फार वाईट वाटतं.

एक नाराज ग्राहक,
स्ट्रक्चरल इंजिनिअर, पुणे