फाटर, ब्रूडर आणि वेदातला स्वर

प्रिय मंगेश,
सप्रेम नमस्कार.

तुझा प्रश्न फार आवडला. पिता आणि भ्राता, दोन्हींत ‘त’. मग जर्मनमध्ये ‘फाटर’ला ट आणि ‘ब्रूडर’ला ड का? याच प्रश्नावर एकोणिसाव्या शतकातले मोठमोठे भाषापंडित अडले होते, आणि उत्तर अखेर आपल्या ऋग्वेदाच्या मदतीनं सापडलं.

आधी सरळ भाग. याकोब ग्रिम या जर्मन भाषापंडितानं 1822 मध्ये मांडलं की संस्कृत, लॅटिन, जर्मन या सगळ्यांच्या मूळ भाषेतली व्यंजनं जर्मानिक शाखेत, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या घराण्यात, ठरावीक वाटेनं सरकली. मूळच्या ‘द’चा झाला ‘ट’: आपले दंत, दश, द्वौ तिकडे इंग्रजीत टूथ, टेन, टू झाले. पुढे उच्च जर्मनमध्ये, म्हणजे आजची प्रमाण जर्मन जिच्यातून आली त्या बोलींत, आणखी एक सरकणं झालं आणि त्या ‘ट’चा शब्दारंभी ‘त्स’ झाला: त्सान, त्सेन, त्स्वाय. एक शब्द नव्हे, रांगच्या रांग एका दिशेनं हलते, म्हणून नातं सिद्ध होतं. नुसत्या सारखेपणावर भरवसा ठेवू नकोस. जर्मन ‘हाबन’ आणि लॅटिन ‘हाबेरे’ दोन्हींचा अर्थ ‘जवळ असणं’, रूपही जवळपास तेच, तरी ते भाऊबंद नाहीत. जर्मानिक ‘ह’ मूळच्या ‘क’पासून येतो (लॅटिन केंटुम, इंग्रजी हंड्रेड), त्यामुळे ‘हाबन’चा खरा सोयरा लॅटिन ‘कापेरे’, म्हणजे पकडणं.

आता तुझा ‘त’. नियमानं मूळ ‘त’चा इंग्रजी ‘थ्री’च्या सुरुवातीला ऐकू येतो तसा घर्षक ‘थ’ व्हायला हवा. ‘स’ला चिकटलेला ‘त’ मात्र हलत नाही, म्हणून ‘अस्ति’ आणि ‘इस्ट’ दोन्हींत तो शाबूत आहे. भ्राता नियमाला धरून चालतो: ‘त’चा ‘थ’ झाला आणि जर्मनमध्ये त्या ‘थ’चा पुढे ‘ड’, म्हणून ब्रूडर. पण पिता आणि माता या शब्दांत जुन्या जर्मानिकमध्ये ‘थ’ऐवजी ‘द’ सापडतो. अशा अपवादांची मोठी यादी होती आणि बरेच जण ती सोडून पुढे जात. कार्ल व्हर्नर या डॅनिश अभ्यासकाला ते पटेना. अपवाद एवढ्या संख्येनं असतील तर त्यांचाही काही नियम असलाच पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

त्यानं पाहिलं वैदिक स्वराकडे, म्हणजे शब्दातल्या कोणत्या अक्षरावर जोर येतो त्याकडे. तुझ्याकडे स्वरांकित ऋग्वेद असेल तर पहिल्याच सूक्ताची शेवटची ऋचा काढ, ‘स नः पितेव सूनवे’. ‘पि’खाली आडवी रेघ दिसेल, म्हणजे तो अनुदात्त, बिनजोराचा; पुढच्या अक्षराला खूण नाही, तोच उदात्त, म्हणजे जोराचा. पिता शब्दाचा जोर शेवटी आहे, माताचाही शेवटी. भ्राताचा मात्र पहिल्या अक्षरावर. व्हर्नरनं दाखवलं की घर्षक व्यंजनाच्या लगेच आधीच्या अक्षरावर जोर असेल तर ते तसंच राहतं. तिथं जोर नसेल, तर शब्दाच्या आत ते घोष होतं, म्हणजे ‘त’चा ‘द’ व्हावा तसं मृदू होतं. म्हणून भ्राताच्या वंशात ‘थ’ टिकला आणि पिता-माताच्या वंशात त्याचा ‘द’ झाला. त्याचा लेख 1877 मध्ये छापून आला.

यातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट अशी की नंतर जर्मानिक भाषांनी जोर सरसकट पहिल्या अक्षरावर नेऊन ठेवला. कारण पुसलं गेलं, परिणाम व्यंजनात अडकून राहिला. जर्मनमध्ये त्या ‘द’चा पुढे ‘ट’ झाला, म्हणून फाटर आणि मुटर. म्हणजे ‘फाटर’मधला ‘ट’ लॅटिन ‘पाटेर’मधल्यासारखा जसाच्या तसा उरलेला नाही. तो त, थ, द अशी सगळी चाल चालून पुन्हा पहिल्या ठिकाणी आलाय.

इंग्रजीकडे बघून हे तपासू नकोस, फसशील. तिथं आज फादर, मदर, ब्रदर तिघांचंही व्यंजन एकच आहे. पण जुन्या इंग्रजीत पहिल्या दोघांना ‘द’ होता आणि फक्त भावाला ‘थ’. ‘र’शेजारच्या त्या ‘द’चं मृदू घर्षक मध्ययुगाच्या शेवटी शेवटी झालं. त्याचा व्हर्नरशी काही संबंध नाही.

आणि तू ज्या जर्मन क्रियापदांच्या तक्त्यांना वैतागला आहेस, त्यांतही हेच दडलंय. ‘श्नायडन’ म्हणजे कापणं, त्याला ड आणि त्याच्या भूतकृदन्त ‘गेश्निटन’ला ट; ‘लायडन’ म्हणजे सोसणं, त्याचं ‘गेलिटन’ तसंच. वर्तमानकाळात जोर धातूवर होता, भूतकृदन्तात प्रत्ययावर. आपल्या ‘भिन्न’, ‘कृत’ या रूपांचा वैदिक स्वर बघ, तोही शेवटच्याच अक्षरावर आहे. ‘त्सीयन’ म्हणजे ओढणं, त्याचं ‘गेत्सोगन’ होतं तेही यामुळेच, फक्त तिथं ‘त’ऐवजी मूळ ‘क’ आहे. आणखी जोड्या सापडल्या तर कळव, आणि कोणती जोडी नियमात बसत नसेल तर ती आधी कळव.

तुझा,
श्रीकांत