बिलातल्या ओळींची बेरीज आणि छापील एकूण कर जुळत नसल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: बिलिंग सॉफ्टवेअर प्रत्येक ओळीचा कर पूर्णांकित न करता छाटत असल्याबाबत

महोदय,

तुमच्या मदत केंद्राशी आजचं बोलणं संपलं आणि लगेच हे पत्र लिहायला घेतलं. ‘राउंडिंगमुळे थोडा फरक येतोच’ हे वाक्य मला परत ऐकायचं नाही. राउंडिंगमुळे फरक येतो हे मला माहीत आहे. मी हार्डवेअरच्या घाऊक दुकानाचे हिशेब सांभाळतो. माझी तक्रार अशी आहे की तुमच्या सॉफ्टवेअरमधला फरक राउंडिंगचा नाहीच.

आमच्या 48 ओळींच्या एका बिलात प्रत्येक ओळीसमोर 9 टक्के सीजीएसटी छापला आहे. त्या ओळींची बेरीज खाली छापलेल्या एकूण सीजीएसटीपेक्षा 22 पैशांनी कमी भरते. एसजीएसटीतही तेवढाच फरक. तुमचा प्रोग्राम एकूण कर एकूण रकमेवरून वेगळा काढतो, त्यामुळे तो बरोबर येतो. चूक ओळींमध्ये आहे.

ती कशी, हे त्याच बिलातल्या चार ओळींवरून सांगतो. करपात्र रकमा 37.45, 112.30, 58.95 आणि 86.65. त्यांचा 9 टक्के कर 3.3705, 10.107, 5.3055 आणि 7.7985 होतो. जवळच्या पैशाला आणले तर 3.37, 10.11, 5.31 आणि 7.80, म्हणजे बेरीज 26.59. एकूण रक्कम 295.35, तिच्यावरचा कर 26.58. इथे एक पैसा जास्त आला आणि त्याबद्दल माझं काहीही म्हणणं नाही. हा खरा राउंडिंगचा फरक, कोणी कितीही नीट काम केलं तरी येणारच. पण तुमच्या बिलावर छापलंय 3.37, 10.10, 5.30 आणि 7.79. बेरीज 26.56. 7.7985 चे 7.79 कोणत्या हिशेबाने होतात? पैशानंतरचे आकडे तुम्ही सरळ कापून टाकता.

चार ओळींत दोन पैसे गेले तर एका बिलावरून काहीच सिद्ध होत नाही, हेही मान्य. म्हणून मोठी बिलं पाहायची. नीट पूर्णांकित केलेल्या प्रत्येक ओळीत जास्तीत जास्त अर्धा पैसा चूक राहते, कधी वर, कधी खाली. 48 ओळींत सगळ्या चुका एकाच बाजूला पडल्या तरी फरक 24 पैशांच्या पुढे जात नाही. प्रत्यक्षात त्या एकमेकींना खोडतात. ओळींच्या संख्येला 12 ने भागून वर्गमूळ काढलं की नेहमीच्या फरकाचा अंदाज येतो. 48 ला 12 ने भागले की 4, वर्गमूळ 2 पैसे. चार पैशांच्या पुढे गेलेलं बिल क्वचित दिसायला हवं. छाटणीत मात्र दर ओळीला सरासरी अर्धा पैसा कमीच होतो, म्हणजे 48 ओळींना साधारण 24 पैसे. माझ्या बिलात 22 आलेत. याच आकाराची आमची बाकीची बिलं काढून पाहिली, तिथेही फरक याच्याच आसपास आणि प्रत्येक वेळी कमीच. वसंतातल्या अपडेटच्या आधीची बिलं बॅकअपमधून काढली, तर त्यांत कधी दोन पैसे जास्त, कधी एक कमी, कधी काहीच नाही. म्हणजे बिघाड तुमच्या अपडेटने आणला.

खात्री करायला ओळींची यादी एक्सेलमध्ये काढली. C रकान्यात करपात्र रक्कम, D मध्ये तुमचा कर, आणि शेजारी हे सूत्र:

```
=ROUND(ROUND(C2*9%,2)-D2,2)
```

उत्तर सगळीकडे शून्य हवं. तुमच्या बिलात जवळपास निम्म्या ओळींत 0.01 आलं आणि एकाही ओळीत उणे आलं नाही. आतल्या ROUND च्या जागी ROUNDDOWN घातलं की सगळ्या ओळी शून्य. तुमच्या प्रोग्रामरला हे पाहायला पाच मिनिटं लागतील.

आता आजचा फोन. तुमच्या पर्यवेक्षक बाईंनी स्क्रीन शेअर करून मला शंभर रुपयांची एक वस्तू टाकून दाखवली. ‘बघा सर, नऊ रुपये, बरोबर आहे ना?’ मी म्हणालो, पूर्ण रुपयांची रक्कम घेतली तर 9 टक्के कर नेहमी पूर्ण पैशांतच येतो, तिथे छाटायला काही उरतच नाही, 86.65 टाकून बघा. त्यांनी दोनशे टाकले. मी पुन्हा 86.65 म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, ‘सर, बावीस पैशांसाठी तुम्ही एवढा वेळ घालवताय, हवे तर मी माझ्या खिशातून देते.’ मागे कोणीतरी हसलं. मी पैसे मागायला फोन केला नव्हता. सीएंनी ‘राउंड ऑफ’ खातं दाखवून कारण विचारलं, ते कारण मला हवं होतं. वार्षिक शुल्क भरणाऱ्या माणसाला हे उत्तर? पूर्ण रुपयांचे आकडे टाकूनच तुम्ही नवीन आवृत्ती तपासत असाल, तर ही चूक तुम्हाला कधीच दिसणार नाही. आमच्याकडे सूट वजा जाऊन बिजागऱ्या आणि स्क्रू पैशांतच विकले जातात.

बावीस पैसे म्हणता, तर महिन्याचा हिशेब ऐका. अशी 300 बिलं धरा, म्हणजे 14,400 ओळी. नीट राउंडिंग असतं तर महिनाभराचा फरक नेहमीच्या अंदाजाने 35 पैशांच्या आसपास राहिला असता. छाटणीने तो सीजीएसटीत सुमारे 72 रुपये आणि एसजीएसटीत आणखी तेवढाच होतो, आणि दर महिन्याला त्याच बाजूला वाढत जातो. तुमचा प्रोग्राम तो न विचारता ‘राउंड ऑफ’ खात्यात टाकतो. जीएसटीआर-1 मधला एचएसएन सारांश तुम्ही ओळींवरून बनवता आणि बिलांची यादी एकूण रकमेवरून, म्हणून ते दोन एकमेकांशी जुळत नाहीत. सीजीएसटी कायद्याचं कलम 170 जवळच्या रुपयाला आणायला सांगतं, 50 पैसे किंवा जास्त असतील तर वर. छाटा असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

यावर तुमचा उपाय काय, तर ‘ऑटो अ‍ॅडजस्ट’ चालू करा. केलं. त्याने सगळे 22 पैसे शेवटच्या ओळीवर लादले. 18.40 च्या टेफ्लॉन टेपवर 1.66 ऐवजी 1.87 कर छापला, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त. गिऱ्हाईकाने विचारलं तर मी काय सांगू? बेरीज जुळवायचीच असेल तर आधी ओळी नीट पूर्णांकित करा, आणि उरलेला एखाददुसरा पैसा ज्या ओळीचा अपूर्णांक अर्ध्या पैशाच्या सर्वांत जवळ आहे तिच्यावर टाका. बेरीज जुळली म्हणून ओळी बरोबर ठरत नाहीत, आणि तुमचं ते बटण चूक फक्त झाकतं.

तुमचं सॉफ्टवेअर मी आमच्या बाजारातल्या अनेक दुकानदारांना स्वतः सुचवलं होतं. आता त्यांना हे सूत्र पाठवतो आहे, त्यांनी आपापली बिलं तपासावीत.

मला लेखी उत्तर हवं: छाटणी कोणत्या आवृत्तीपासून सुरू झाली, ती कधी दुरुस्त होणार, आणि आधीच गेलेल्या बिलांचा ओळवार फरक दाखवणारा अहवाल केव्हा देणार. या महिन्याचं विवरणपत्र भरायच्या आत उत्तर आलं नाही, तर नूतनीकरण करणार नाही आणि उरलेल्या मुदतीचं शुल्क परत मागेन. कृपया फोन करू नये.

आपला ग्राहक

सोबत: 48 ओळींचं बिल, एक्सेल फाइल, अपडेटच्या आधीच्या बिलांच्या प्रती