रात्रपाळीच्या सिस्टर, तुमचे आभार

रात्री दोनच्या फेरीत तुम्ही नुसती सलाईनची बाटली पाहून पुढे गेला नाहीत. टॉर्चचा झोत बोटांआड धरून आजोबांच्या हातावरची सुईची जागा चाचपलीत. थेंब मंदावले होते, हात सुजून गार आणि ताठ झाला होता. सलाईन शिरेबाहेर, कातडीखाली झिरपत होतं. (सलाईन सोडणारा पंप असता तरी अलार्म वाजलाच असता असं नाही, हात लावूनच कळतं.) तुम्ही सलाईन बंद केलं, कॅन्युला काढून कापूस दाबलात, हात उशीवर उंच ठेवलात.

दुसऱ्या हाताला टोचायच्या वेळी आजोबा घाबरले. तेव्हा तुम्ही घाई न करता तो हात दोन्ही तळव्यांत धरून बसलात. त्या उबेनं शीरही वर आली. सिस्टर, मनापासून आभार.