दगडीची ट्यूब सोडण्याआधी दुधाची जंतू तपासणी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गायीच्या दगडीवर, म्हणजे कासदाहावर, आपल्याकडे ज्या घाईने सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली जाते, त्याविषयी हे पत्र लिहीत आहे. मी अहिल्यानगर जिल्ह्यात पशुवैद्यक म्हणून काम करतो. दुधात गुठळी दिसली की ट्यूब आणायची, गुठळ्या थांबल्या की दूध पुन्हा डेअरीला घालायचे, हीच रीत मला गोठ्यागोठ्यांतून दिसते. परंतु दूध डोळ्यांना स्वच्छ दिसणे, कासेतील जंतू जाणे, पेशींची संख्या उतरणे आणि औषधाचा अंश संपणे या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकाच दिवशी घडत नाहीत.

पेशींपासून सुरुवात करतो. कासेत जंतू शिरले की त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी दुधात उतरतात आणि त्यांची संख्या, म्हणजे सोमॅटिक सेल काउंट, वाढते. निरोगी सडाच्या दुधात ती सहसा मिलिलिटरला एक लाखाच्या आत असते आणि दोन लाखांच्या पुढे गेली की त्या सडात संसर्ग असल्याचे धरतात. येथे एक फसगत होते. समजा, तीन सडांच्या दुधात प्रत्येकी 80 हजार पेशी आहेत, चौथ्यात 12 लाख आहेत आणि चारही सड सारखेच दूध देतात. चारही सडांचे दूध एकत्र केले की सरासरी 3 लाख 60 हजार येते. तेच दूध इतर गायींच्या दुधात मिसळले की आकडा आणखी उतरतो आणि आजारी सड हिशेबातूनच निसटतो. म्हणून सीएमटी, म्हणजे कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट, या चाचणीचे चार खणांचे पात्र वापरून प्रत्येक सड वेगळा तपासावा लागतो. दुधाइतकेच द्रावण घालून पात्र गोलाकार फिरवले की पेशी जास्त असलेल्या खणातले दूध शेंबडासारखे घट्ट होते, आणि ते गोठ्यातच मिनिटाच्या आत दिसते. अशा सडाच्या दुधात लॅक्टोज कमी होते आणि त्यासोबत एसएनएफ, म्हणजे दुधातील फॅटखेरीज घन घटकांचे प्रमाण, तेही घसरते. आमचे दूध उत्पादक एसएनएफ लागत नाही म्हणून खाद्य बदलत राहतात, तेव्हा कारण कधी कधी कासेत असते.

मात्र, पेशी वाढल्याचे कळले तरी त्या कोणत्या जंतूमुळे वाढल्या हे कळत नाही. त्यासाठी दुधाची जंतू तपासणी, म्हणजे कल्चर, लागते. अलीकडचीच एक गाय सांगतो. एचएफ संकरित, तिसऱ्या वेताची, दिवसाला 14 लिटर दूध देणारी. मंगळवारी संध्याकाळी तिच्या मागच्या उजव्या सडातून गुठळ्या आल्या. कास त्या बाजूला किंचित कडक होती, पण ताप नव्हता आणि गाय वैरण नीट खात होती. पहिल्या धारा टाकून दिल्या, सडाचे टोक स्पिरिटच्या बोळ्याने बोळा स्वच्छ निघेपर्यंत पुसले आणि निर्जंतुक नळी आडवी धरून तीत थोडे दूध घेतले. नळी बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवली. ट्यूब सोडली नाही. तो सड दिवसातून अनेकदा पिळून रिकामा करायला सांगितले. गुरुवारी सकाळी अहवाल आला : ई. कोलाय. हा जंतू सौम्य आजारात बहुतेक वेळा गायीच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीनेच निघून जातो आणि सडातल्या ट्यूबने त्यात फारसा फरक पडत नाही. शुक्रवारी सकाळी गुठळ्या थांबल्या. पेशी मात्र आणखी काही आठवडे चढ्याच असतात, त्यामुळे लगेच केलेली सीएमटी घट्ट आली तरी उपचार फसले असे मानू नये. या गायीची तीन आठवड्यांनी केलेली चाचणी स्वच्छ निघाली.

आता त्याच मंगळवारी तीन दिवसांची ट्यूब सुरू केली असती तर काय झाले असते, ते पाहू. वेष्टनावर 96 तासांचा वर्ज्यकाळ, म्हणजे विथड्रॉवल पिरियड, लिहिला आहे असे धरू. रोज संध्याकाळी एक याप्रमाणे शेवटची ट्यूब गुरुवारी संध्याकाळी गेली असती आणि 96 तास सोमवारी संध्याकाळी भरले असते. काळ पहिल्या ट्यूबपासून नव्हे, शेवटच्या ट्यूबपासून मोजायचा असतो. मंगळवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत बारा धारांचे, म्हणजे 84 लिटर दूध फेकावे लागले असते. लिटरला 30 रुपये धरले तरी 2,520 रुपये. ट्यूब न सोडता फक्त खराब दिसणाऱ्या पाच धारांचे 35 लिटर गेले. वेदनाशामक दिले असते तर त्याचाही वर्ज्यकाळ पाळावा लागला असता.

आणखी एक समज फार घट्ट रुजला आहे : ट्यूब एका सडात सोडली, तर उरलेल्या तीन सडांचे दूध चालते. ते चालत नाही. औषध कासेतून रक्तात जाते आणि इतर सडांतही उतरते, म्हणून वर्ज्यकाळात चारही सडांचे दूध बाजूला काढायचे असते. उकळल्याने किंवा पाश्चरायझेशनने तो अंश नाहीसा होईल यावर विसंबता येत नाही. तेच दूध डेअरीत गेले की विरजण लागत नाही, आणि वासरांना पाजले तर त्यांच्या पोटात औषधाला न जुमानणारे जंतू वाढायला वाव मिळतो. वेष्टनावर काळ प्रमाणित करून दिलेला नसेल, तर औषध नियमांतील 2012 च्या दुरुस्तीप्रमाणे दुधासाठी तो किमान 7 दिवस धरायचा आहे. मात्रा वाढवली किंवा दिवस वाढवले, तर छापील काळही पुरत नाही.

कल्चरलाही मर्यादा आहेत. नमुन्यात तीन किंवा अधिक प्रकारचे जंतू उगवले तर तो नमुना घेतानाच दूषित झाला असे समजून पुन्हा घ्यावा लागतो. काहीच उगवले नाही तर अनेकदा जंतू आधीच गेलेला असतो. परंतु स्टॅफिलोकोकस ऑरियस हा चिवट जंतू दुधातून सतत बाहेर पडत नाही, म्हणून पेशी चढ्याच राहिल्या तर दुसरा नमुना हवा. तो जुन्या गायीत मुरलेला सापडला, तर ट्यूबमागून ट्यूब सोडण्यापेक्षा तिची धार शेवटी काढणे आणि तो सड आटवणे शहाणपणाचे असते. आणि गायीला ताप असेल, तिने वैरण सोडली असेल, दूध पाण्यासारखे येत असेल, तर अहवालाची वाट पाहत बसू नये. अशी गाय काही तासांत दगावू शकते, तिला तत्काळ उपचार हवेत.

अडचण अशी की गावातून प्रयोगशाळेपर्यंत नमुना थंड अवस्थेत पोहोचवणे आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अहवाल मिळणे एकट्या उत्पादकाच्या आवाक्यात नाही. दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफवर ठरतो, पेशींवर नाही, त्यामुळे त्याने एवढा खटाटोप का करावा, याचे उत्तर आज व्यवस्थेकडे नाही. संकलन केंद्राची गाडी रोज शीतकरण केंद्रात जातेच. तिच्यातून बर्फपेटीत नमुने जावेत, केंद्रावर सीएमटीचे द्रावण आणि निर्जंतुक नळ्या मिळाव्यात, आणि उपचार चालू असलेल्या गायीचे दूध उत्पादकाने सांगून रोखले तर त्या दिवसांचा काही मोबदला दूध संघाने द्यावा, अशी माझी मागणी आहे. मोबदला नसेल तर माहिती लपवली जाईल, हे मी रोज पाहतो. आम्हा पशुवैद्यकांकडूनही एवढे व्हावे की चिठ्ठीवर औषधाच्या नावाखाली शेवटच्या मात्रेची तारीख व वेळ आणि दूध पुन्हा घालण्याची तारीख व वेळ ठळक अक्षरांत लिहावी आणि तिची एक प्रत केंद्रचालकाकडे जावी.

आपला विश्वासू,
एक पशुवैद्यक,
जि. अहिल्यानगर