निनाद जूनपासून तुमच्याकडे

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बोलले असते, पण बाबा दोन वाक्यांत फोन आईकडे देतात आणि आई रडायला लागली की मला पुढे बोलता येत नाही. म्हणून पत्र. आम्ही दोघं जूनमध्ये हैदराबादला जातोय हे तुम्हाला ठाऊक आहेच. निनाद आमच्याबरोबर येणार नाही. अकरावी-बारावी तो नारायण पेठेत, तुमच्याकडे राहून करेल. हे ठरलंय.

तुमच्यावर भार टाकतेय असं वाटून चार रात्री नीट झोप लागली नाही. कॉलेज तुमच्याकडून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, अकरावीत शहर बदललं की मुलं बावचळतात, दोन वर्षांत आम्ही परत येणारच आहोत. ही सगळी कारणं खरी आहेत. पण मला त्याला तुमच्याकडे ठेवावंसं वाटलं ते त्या गुरुवारच्या संध्याकाळमुळे. आई, तू भजनाला गेली होतीस आणि बाबांनी तुला ‘लाईट गेली होती’ एवढंच सांगितलं असणार. निनादनं मला गाडीवर मागे बसून, पुढचे कित्येक दिवस, तुकड्या-तुकड्यांनी सांगितलंय. ते तुम्हा दोघांनाही कळायला हवं.

तो सोफ्यावर कानात हेडफोन घालून बसला होता. बाबा खुर्चीत. तासभर कोणी कोणाशी बोललं नव्हतं. निनाद म्हणतो, पंखा एकदम जोरात फिरायला लागला तेव्हा त्याला बरंच वाटलं. ट्यूब होती तशीच होती. पण आई, तुझ्या देवघरातला पिवळा बल्ब पांढराफेक पडला. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी बाबांनी तो स्वयंपाकघराच्या दारातून पाहिला आणि ओरडले, “निनाद, मेन पाड! आत्ता!” त्याला मेन कुठे आहे हेही माहीत नव्हतं. बाबांनी बोटानं दाखवलं, त्यानं पाडला, घरात अंधार.

तो चिडलाच. “आजोबा, समोरच्यांकडे लाईट आहे!”

“कशी आहे ते गॅलरीतून बघून ये.”

समोरचा दिवा निखाऱ्यासारखा लाल, मिणमिणता. बाबा म्हणाले, “त्यांच्याकडे कमी, आपल्याकडे जास्त. न्यूट्रल तुटलाय.” आणि त्याला बिल्डिंगमधल्या प्रत्येक दारावर पाठवलं, सगळ्यांचे मेन पाडायला. हा मुलगा सोसायटीच्या पार्टीत कोणाशी ‘हॅलो’ म्हणत नाही, तो त्या दिवशी सगळ्या मजल्यांवर बेल चालत नाही म्हणून दारं ठोकत फिरला. खालच्या देशपांडेकाकूंनी आधी ऐकलं नाही, तेव्हा त्यानं म्हणे स्वतः त्यांच्या फ्रिजची वायर काढली. वर येईपर्यंत बाबांनी 1912 ला तक्रार नोंदवली होती. माणसं आली, रस्त्यावरच्या पिलरमधले फ्यूज काढले आणि सगळी गल्ली काळोखात गेली. खोदलेल्या रस्त्यात केबलचा जोड सुटला होता. तो करायला दोन तास लागले आणि ते दोन तास हे दोघं गॅलरीत बसले.

बाबा, तुम्ही त्याला जे समजावलंत ते तो आता मला समजावतो. तीन फेज असतात आणि परतीची वाट एकच, न्यूट्रल. ती शाबूत असते तोवर प्रत्येक घराला साधारण 230 व्होल्ट मिळतात. ती तुटली की दोन फेजमधले 400 व्होल्ट वेगवेगळ्या फेजवरची घरं आपापसांत वाटून घेतात, आणि वाटणी सारखी होत नाही. ज्याच्याकडे गीझर, इस्त्री असं पुष्कळ चालू असतं त्याच्या वाट्याला कमी येतं; ज्याच्याकडे एक पंखा आणि एक ट्यूब त्याच्याकडे उरलेलं सगळं. ट्यूब का नाही भगभगली, हे त्यानं तुम्हाला विचारलं. आतलं सर्किट बराच वेळ सांभाळून घेतं आणि मग एकदम जळतं, म्हणून एलईडीवर विसंबायचं नाही, पंख्याचा आवाज ऐकायचा, असं तुम्ही सांगितलंत. आमच्या घरी आता तो पंख्याकडे कान लावून बसतो.

मग त्यानं विचारलं, “तुम्ही खांबावर चढायचात तेव्हा भीती नाही वाटायची?” आणि तुम्ही त्याला परमिटचं सांगितलंत. सबस्टेशनमधून लाईन बंद करून घ्यायची, लेखी परमिट घ्यायचं. बंद झाली म्हणून ती मेली असं समजायचं नाही, कोणाच्या तरी जनरेटरमधून उलटा करंट येऊ शकतो. आधी तपासायची, मग डिस्चार्ज रॉड लावून कामाच्या दोन्ही बाजूंना जमिनीशी जोडायची, आणि मगच हात लावायचा. काम झालं की माणसं उतरली का ते मोजायचं, रॉड काढायचे, आणि ज्यानं परमिट घेतलं त्यानंच ते परत करायचं. दुसऱ्या कोणाच्या शब्दावर लाईन सोडायची नाही.

“आणि सोडली तर?” त्यानं विचारलं.

तुम्ही खूप वेळ गप्प होतात म्हणे. मग तुम्ही त्याला जुन्नरचं सांगितलंत.

बाबा, आम्हा दोघी बहिणींना जुन्नर म्हटलं की आई विषय बदलते, एवढंच माहीत. मी निनादला विचारलं, काय म्हणाले? तो म्हणाला, “मला सांगितलंय. तुला हवं असेल तर तू आजोबांना विचार.” पंधरा वर्षांच्या मुलानं तुमची गोष्ट जपून ठेवली. मला वाईट नाही वाटलं, खरंच नाही. लहानपणी पावसात रात्री तुम्हाला बोलावणं आलं की तुमच्या गमबुटांचा आवाज जिन्यात येईपर्यंत मी जागी असायचे. तुम्ही आणलेले टवके उडालेले चिनी मातीचे इन्सुलेटर माझ्या भातुकलीत होते, पाणी भरायचे त्यात. ते कशावरून उतरवलेले आहेत, हे विचारायचं मला सुचलं नाही. त्याला सुचलं.

निनादची काळजी करू नका. तो पानातलं सगळं खातो, फक्त पडवळ सोडून. माळ्याखालची खोली त्याला पुरेल, गादी आम्ही आणू. दूध आणि बाबांची औषधं तो आणेल. त्याचा खर्च दर महिन्याला आईच्या खात्यात येईल आणि त्यावर वाद घालायचा नाही.

आता ऐका. मोतीबिंदूची तारीख मे महिन्यातलीच घ्यायची, ‘पावसाळ्यानंतर बघू’ मला चालणार नाही; मी ऑपरेशन करून घेऊनच जाणार आहे. बाबांनी स्टुलावर चढायचं नाही. मेन बोर्डावर जास्त व्होल्टेज आलं की आपोआप लाईन तोडणारं प्रोटेक्टर बसवायला रविवारी इलेक्ट्रिशियन येईल. तुम्ही समोर उभं राहून करून घ्या, पण हात निनादचे लागू देत. इन्व्हर्टरसुद्धा त्याच दिवशी बसेल. तुम्हाला तो नको होता हे ठाऊक आहे, पण आईला अंधारात बाथरूमला जावं लागतं. आई, बीपीची गोळी सकाळी नाश्त्याआधी, आठवण झाली की नव्हे. आणि देवघरातला तो जुना बल्ब काढायचा नाही. गेलाच तर तसाच आण, एलईडी नको.

आम्ही शनिवारी रात्री जेवायला येतोय. आमटी-भातच कर, चार पदार्थ करत बसू नकोस. आणि बाबा, जेवण झाल्यावर थोडा वेळ ठेवा. मला जुन्नरचं विचारायचंय. सांगावंसं वाटलं नाही तर तसं म्हणा, मी पुन्हा विचारणार नाही.

तुमची,
मनू