ऐकणं आणि ऐकून घेणं

फोंडा

चि. मनाली,
अनेक आशीर्वाद.

सोमवारच्या असेंब्लीत चौथीच्या मुलांपुढे 'मोठ्यांचा मान राखणं म्हणजे त्यांचं ऐकणंही' यावर बोलायचंय, असं तू कळवलंस. विषयात एक अडचण दडलेली आहे. आपल्या भाषेत 'ऐक' या एका शब्दाचे दोन अर्थ होतात. 'आजीचं ऐक' म्हटलं की मुलाला कळतं, आजी सांगेल ते कर. आजी काय म्हणते ते शेवटपर्यंत कानावर घे, हा दुसरा अर्थ त्याच्या मनात येतच नाही. म्हणून पहिल्याच वाक्यात फरक सांग: ऐकणं वेगळं, ऐकून घेणं वेगळं. आज आपण ऐकून घेण्याबद्दल बोलू. नाहीतर पाया पडा, उलट बोलू नका, एवढंच ऐकून मुलं रांगेनं वर्गात जातील.

नुसतं सांगून दहा वर्षांच्या मुलाला ते पटत नाही, डोळ्यांनी दिसावं लागतं. सोलांचं, म्हणजे आमसुलांचं उदाहरण घे, घरोघरचं आहे. एप्रिल-मे महिन्यात भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं पिकली की साली बिया-गरापासून वेगळ्या करून उन्हात घालतात. मग भिरंडांच्याच मीठ घातलेल्या रसात बुडवून पुन्हा सुकवतात, असं तीन-चार वेळा. आता आजी नातवाला सांगते: "चार वाजता सोलां आत घे. पण आधी एकेक उलटून बघ, खालची बाजू चिकट लागली तर डब्यात भरू नको, सुपातच राहू दे." नातू 'चार वाजता आत घे' एवढं ऐकतो, "हो आजी" म्हणतो आणि पळतो. चार वाजता सगळी सोलां गोळा करून डब्यात दाबून भरतो, झाकणही घट्ट लावतो. ओल आतच कोंडते, आठवड्याभरात वर पांढरी बुरशी धरते आणि पुरुमेंताचा, पावसाळ्यासाठी साठवलेला डबा फुकट जातो. नातवानं आज्ञा मोडलेली नाही, हे मुलांना दाखव. त्यानं आजीचं ऐकलं, पण ऐकून घेतलं नाही. आजीची अर्धी गोष्ट 'पण'च्या पुढे होती.

हे दोन मुलांकडून करून घे. एकानं आजी व्हायचं, दुसऱ्यानं आधी बुटाची नाडी बांधत 'हो हो' म्हणायचं. मग तेच पुन्हा: नाडी सोडून, समोर उभं राहून, आजीचं बोलणं थांबल्यावर मनात पाचपर्यंत मोजून. म्हाताऱ्या माणसांना कधी शब्द सापडायला वेळ लागतो, ती थांबली म्हणजे संपलं असं नसतं. शेवटी मुलानं आपल्या शब्दांत परत सांगायचं: "म्हणजे चिकट असली तर सुपात ठेवू, हो ना?" ऐकून घेतलं की नाही, याची खूण हीच.

आणखी एक गोष्ट मुलांना कुणी सांगत नाही. आजी-आजोबा "काय?" "काय?" विचारतात आणि मुलं वैतागून ओरडतात. वयानं कान मंदावतात तेव्हा बहुधा आधी बारीक, उंच आवाज जातात. त्यामुळे स, श, फ असे आवाज पुसट होतात आणि 'सात' की 'हात' तेच कळत नाही. ओरडल्यानं आवाज मोठा होतो, शब्द स्पष्ट होत नाही. पंखा, टीव्ही कमी करायचा, तोंड त्यांना दिसेल असं समोरून, जरा सावकाश बोलायचं. मुलाचा प्रश्न आजोबांच्या कानात पोचला, तरच ऐकून घेण्यासारखं काही पुढे येतं.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांग, गडबडीत राहू देऊ नको. ऐकून घेणं म्हणजे सगळं मान्य करणं नव्हे. कुणी मोठा माणूस 'हे आईला सांगू नको' म्हणाला, किंवा त्याच्या स्पर्शानं नकोसं वाटलं, तर मान राखायचा प्रश्नच नाही. तिथून निघायचं आणि भरवशाच्या मोठ्या माणसाला सांगायचं. 1098 हा मुलांच्या मदतीचा क्रमांक फळ्यावर लिहून ठेव. सोमवारी असेंब्लीत ऐकलेलं मुलं आठवडाभर घोकतात, म्हणून 'मोठ्यांचं सगळं ऐका' असं वाक्य तुझ्या तोंडून जाता कामा नये.

सगळं पाच मिनिटांत बसव. पावसात पत्र्याखाली सभा असेल तर मागच्या रांगेला काही ऐकू जात नाही, म्हणून मुलांना अर्धगोलात जवळ बसव आणि भाषण वाचून दाखवू नको.

राजूबरोबर दोन पुड्या पाठवते आहे. एकीत चांगली सुकलेली काळी सोलां आहेत, दुसरीत मुद्दाम ओलसर ठेवलेली. दुसरी पुडी सोमवारपर्यंत फ्रीजमध्ये ठेव, आणि मुलांच्या हातात देऊन त्यांना बोटानं चाचपू दे.

तुझी,
आई