रस्त्याच्या अर्जावर सह्या: रविवारपर्यंत

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, ठाणे प्रभाग कार्यालयाला द्यायचा अर्ज वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवला आहे. सहीपुढे फ्लॅट नंबर लिहा.

अर्जात खचलेल्या रस्त्याची जागा नेमकी दिली आहे: गेट नं. 2 समोरच्या दिव्याच्या खांबापासून रिक्षा स्टँडपर्यंत, डावी बाजू, सुमारे 40 मीटर. खांबाचा नंबर आणि टेप धरून काढलेले फोटो जोडले आहेत. नुसतं "सोसायटीसमोर" लिहिलं की माणसं भलताच खड्डा बुजवून जातात!

मागणी खडी टाकण्याची नाही. पाइपलाइनचा चर नीट न दाबता भरल्याने रस्ता खचतोय. तो उकरून, थराथराने दाबून वर डांबरीकरण करावं, एवढीच.

सोमवारी अर्ज देऊन आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेऊ.

– सचिव